रेटिंग ९२ टक्के, तरी कास्टिंगसाठी लाइन बंद: लीड टाइमचं स्कोअरकार्ड आणि सेफ्टी स्टॉक यांचा सांधा कुठे निखळतो

लक्षण असं दिसतं. पुरवठादाराचं वेळेवर डिलिव्हरीचं रेटिंग महिनोन्‌महिने नव्वदच्या वर आहे. सेफ्टी स्टॉक सिस्टिममध्ये भरलेला आहे. तरीही वर्षातून दोनदा त्याच पार्टसाठी लाइन थांबते, परचेसचा माणूस दिवसभर फोनवर असतो आणि रात्री स्पेशल गाडी निघते. मग सेफ्टी स्टॉक वाढवतात. काही महिने बरे जातात. पुन्हा एकदा माल अडकतो आणि वाढवलेला स्टॉकही पुरत नाही.

हे चक्र तुमच्याकडे चालू असेल तर आणखी स्टॉक वाढवण्याआधी खालची तपासणी करा. भोसरीतल्या एका मशीन शॉपचं उदाहरण घेतो. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत, प्रकार मात्र जसाच्या तसा आहे.

पार्ट म्हणजे एसजी आयर्नचं हाउसिंग, वजन साधारण सहा किलो, कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीतून येणारं. लाइनला रोज सरासरी ४० नग लागतात, आणि त्यात दिवसागणिक होणारा चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, १० नगांचं. ऑर्डर महिन्याला एक, साधारण १००० नगांची. ठरलेला लीड टाइम कामाचे २१ दिवस. सेफ्टी स्टॉक ७६ नग. फाउंड्रीचं वर्षाचं रेटिंग ९२ टक्के, म्हणजे पीओच्या ५० ओळींपैकी ४६ वेळेवर.

पहिली तपासणी: टक्केवारी नेमकी कुठल्या तारखेवरून काढली?

इथेच बहुतेक स्कोअरकार्डं फसतात. पीओ काढताना फाउंड्रीने एक तारीख दिलेली असते. माल त्या तारखेला येणार नाही असं कळलं की परचेसवाला फोन करतो, नवी तारीख घेतो आणि सिस्टिममध्ये तीच टाकतो. त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण प्लॅनिंगला खरी परिस्थिती दिसायला हवी. पण रेटिंगही त्याच बदललेल्या तारखेवरून निघत असेल, तर पुरवठादार कितीही उशीर करून वेळेवर ठरतो. तारीख दोनदा पुढे गेली आणि माल तिसऱ्या तारखेला आला, की ओळीपुढे हिरवी खूण.

या शॉपमध्ये प्रत्येक ओळीची पहिली कबूल केलेली तारीख जुन्या मेलमधून काढून पुन्हा मोजलं, तेव्हा ५० पैकी ४१ ओळी वेळेवर निघाल्या, म्हणजे ८२ टक्के. पण खरी गोष्ट त्या सरासरीत नव्हती. जुन्या स्कोअरकार्डात उशिरा दिसणाऱ्या चारही ओळी एका ब्रॅकेटच्या होत्या, तीनचार दिवसांच्या उशिराच्या, आणि ब्रॅकेटचा स्टॉक भरपूर असल्यामुळे लाइनला त्याची झळ कधी लागलीच नव्हती. आणि ज्या हाउसिंगसाठी लाइन दोनदा थांबली, त्याचा जुना आकडा होता १२ पैकी १२. शंभर टक्के. दोन्ही वेळा तारीख वेळेत बदलून घेतली होती, एवढंच त्याचं कारण.

म्हणून दोन तारखा वेगवेगळ्या ठेवा: पहिली कबूल केलेली, आणि सध्या अपेक्षित असलेली. दुसरी हवी तितक्यांदा बदला, पहिलीला हात लावू नका. सॅप वापरत असाल तर पीओच्या शेड्यूल लाइनवर डिलिव्हरी डेट आणि स्टॅटिस्टिकल डिलिव्हरी डेट अशा दोन तारखा मुळातच असतात, आणि व्हेंडरचं मूल्यमापन दुसरीवर चालतं. तुमचे लोक तारीख बदलताना दोन्ही बदलतात का, एवढं पाहा. एक्सेलवर काम असेल तर पहिल्या तारखेचा कॉलम लॉक करा.

आणि रेटिंग पूर्ण पुरवठादाराचं एक न ठेवता पार्टनिहाय ठेवा. पुरवठादाराचा एकच आकडा वार्षिक बैठकीत दाखवायला ठीक आहे. सेफ्टी स्टॉक हा पार्टचा असतो, पुरवठादाराचा नसतो. त्यामुळे त्याला खाद्य देणारी आकडेवारीही त्या पार्टचीच लागते.

दुसरी तपासणी: घड्याळ कधी सुरू होतं, कधी थांबतं?

फाउंड्री म्हणते आम्ही वीस दिवसांत माल दिला. स्टोअर म्हणतं पंचवीस लागले. दोघंही खरं बोलत असू शकतात. पीओ सिस्टिममध्ये तयार झाला सोमवारी, मंजुरीची सही झाली गुरुवारी, मेल गेला शुक्रवारी. दुसऱ्या टोकाला गाडी गेटवर आली, पण क्यूएने हार्डनेस आणि मायक्रोस्ट्रक्चर तपासून माल सोडेपर्यंत आणखी दोन दिवस गेले. ही दोन्ही टोकं आपली आहेत, फाउंड्रीची नाहीत.

त्यामुळे घड्याळं दोन ठेवायची. पुरवठादाराला जबाबदार धरायचं ते पीओ त्याच्या हातात पडल्यापासून गेट एंट्रीपर्यंत. सेफ्टी स्टॉकसाठी मोजायचं ते गरज उभी राहिल्यापासून माल वापरायला मोकळा होईपर्यंत. एकच आकडा दोन्हीकडे वापरला तर एक तर पुरवठादारावर अन्याय होतो, नाहीतर स्टॉक कमी पडतो. आपल्या मंजुरीला कधी एक दिवस आणि कधी सहा दिवस लागत असतील, तर तो चढउतारसुद्धा सेफ्टी स्टॉकमध्येच भरावा लागतो, आणि तो कमी करायला कुठल्याही पुरवठादाराची परवानगी लागत नाही.

तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या मालाचं काय? १००० च्या ऑर्डरपैकी २०० नग तारखेला आले आणि उरलेले दहा दिवसांनी, तर बऱ्याच ठिकाणी पहिल्या जीआरएनची तारीख पकडून ऑर्डर वेळेवर धरली जाते. मी ऑर्डरचे ९५ टक्के नग मोकळे झाले तो दिवस धरतो. काही जण नगांच्या प्रमाणात दिवसांची सरासरी काढतात, तेही चालेल. पद्धत वर्षभर एकच ठेवा, म्हणजे झालं.

दिवस मोजतानाही गफलत होते. लाइनचा वापर आपण कामाच्या दिवसावर धरतो आणि लीड टाइम कॅलेंडरच्या दिवसांवर, मग दोन्हींचा गुणाकार करतो. सॅपच्या मटेरियल मास्टरमध्ये प्लॅन्ड डिलिव्हरी टाइम कॅलेंडर दिवसांत असतो आणि जीआर प्रोसेसिंग टाइम कामाच्या दिवसांत, त्यामुळे तिथून आकडे उचलताना जपून. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. एक्सेलमध्ये फक्त गुरुवार वगळून दिवस मोजायला हे सूत्र चालतं. १५ हा गुरुवारचा कोड, आणि हे फंक्शन दोन्ही टोकांचे दिवस धरतं म्हणून एक वजा केला आहे:

```
=NETWORKDAYS.INTL(B2, F2, 15, Holidays) - 1
```

B2 मध्ये पीओ पाठवल्याची तारीख, F2 मध्ये माल मोकळा झाल्याची, आणि `Holidays` ही सणवारांच्या सुट्ट्यांची यादी.

आता उशिराचे दिवस बघा, टक्के नाही

टक्केवारीतून सेफ्टी स्टॉक काढताच येत नाही. दहापैकी एक ऑर्डर एक दिवस उशिरा आली तरी ९० टक्के, आणि तीच एक ऑर्डर पंधरा दिवस उशिरा आली तरी ९० टक्केच. पहिल्या प्रकारात लाइनला काही होत नाही, दुसऱ्यात ती दोन आठवडे उभी राहते. स्टॉकला हवं असतं ते उशिराचं माप. ते टक्क्यात कुठेच नसतं.

हाउसिंगच्या गेल्या आर्थिक वर्षातल्या बारा ऑर्डरी, एप्रिलपासून क्रमाने, पीओ पाठवल्यापासून माल मोकळा होईपर्यंतचे कामाचे दिवस:

१९, २०, २१, २०, ३४, २२, २१, २०, २१, १९, ३३, २२

सरासरी २२.७ दिवस. स्टँडर्ड डेव्हिएशन ५.२ दिवस. सेफ्टी स्टॉकचं जे सूत्र मागणी आणि लीड टाइम दोन्हींचा चढउतार धरतं, ते असं:

```
SS = z × √( L × σd² + d² × σL² )
```

L म्हणजे सरासरी लीड टाइम, d म्हणजे रोजचा वापर, σd त्या वापराचा चढउतार आणि σL लीड टाइमचा. z हा सेवा पातळीचा गुणक, ९५ टक्क्यांसाठी साधारण १.६५.

शॉपचा आधीचा ७६ चा आकडा कुठून आला होता? लीड टाइम नेमका २१ दिवस, त्यात चढउतार शून्य, असं धरून. तेव्हा सूत्राचा दुसरा भाग गळून पडतो आणि उरतं १.६५ गुणिले १० गुणिले २१ चं वर्गमूळ, म्हणजे ७६. बहुतेक ठिकाणी हाच हिशोब असतो, कारण मागणीचा चढउतार सिस्टिम स्वतःच काढून देते आणि लीड टाइम मात्र मास्टरमध्ये एकदा भरलेला एक ठोकळ आकडा असतो.

आता दुसरा भाग धरू. मागणीचा भाग येतो साधारण २,२७०. लीड टाइमचा भाग येतो ४२,५०० च्या वर, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ एकोणीसपट. बेरजेचं वर्गमूळ २१२, त्याला १.६५ ने गुणलं की सेफ्टी स्टॉक ३४९ नग. फोरकास्ट सुधारण्यावर कितीही बैठका घेतल्या तरी या पार्टचा स्टॉक हलणार नाही, हे या दोन आकड्यांवरून लगेच दिसतं. सगळं वजन लीड टाइमच्या बाजूला आहे.

इथपर्यंत आल्यावर लोक थांबतात. ७६ चे ३४९ करतात आणि पुढच्या कामाला लागतात. पण हा आकडाही चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे यातच या दुखण्याचं मूळ आहे.

३४९ सुद्धा का पुरत नाहीत

बारा आकडे पुन्हा वाचा. दहा आकडे १९ ते २२ च्या दरम्यान आहेत, दोन ३३ आणि ३४. मध्ये काहीच नाही. सरासरी २२.७ म्हणते, पण २३ दिवसांनी आलेली एकही ऑर्डर नाही. वरचं सूत्र असं मानून चालतं की उशीर सरासरीभोवती दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला आहे. इथे तसं नाही. इथे दोन वेगळ्या प्रकारच्या ऑर्डरी एका यादीत मिसळल्या आहेत.

रीऑर्डर पॉइंट लावून बघा. ३४९ सेफ्टी स्टॉक धरला तर रीऑर्डर पॉइंट ४० गुणिले २२.७ अधिक ३४९, साधारण १,२५६. ऑर्डर ३४ दिवसांनी आली तर तेवढ्या वेळात लाइन १,३६० नग खाते. म्हणजे १०४ नग कमी पडले, लाइन अडीच दिवस बंद. सेफ्टी स्टॉक साडेचारपट करूनही लाइन थांबलीच. आणि उरलेल्या दहा ऑर्डरींच्या वेळी हाच स्टॉक नुसता पडून राहिला. नेहमीच्या ऑर्डरींना जास्त आणि वाईट ऑर्डरींना कमी, असा हा मधलाच आकडा आहे.

तेव्हा सूत्रात आकडे घालण्याआधी ते एका रेषेवर ठिपक्यांनी मांडून बघा. दोन घोळके दिसले तर सूत्र बाजूला ठेवा आणि आधी विचारा की दुसऱ्या घोळक्यात काय वेगळं आहे.

या शॉपमध्ये पहिला संशय पावसावर गेला. पाचवी ऑर्डर ऑगस्टची, आणि कोल्हापूरचा रस्ता म्हटलं की पूर आठवतोच. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. पण अकरावी ऑर्डर फेब्रुवारीची आहे. फेब्रुवारीत पाऊस नाही, गणपती नाहीत, आणि दिवाळीला गावी गेलेले कामगार तोवर केव्हाच परतलेले असतात. दोन्ही ऑर्डरींना लागू पडेल असंच कारण हवं होतं.

ते सापडलं ऑर्डरच्या नगांमध्ये. बाकी दहा ऑर्डरी ९०० ते १,१०० च्या दरम्यान होत्या, आणि या दोन ४५० आणि ५०० च्या. ऑगस्टची ऑर्डर सप्टेंबरअखेर हातात येणार, फेब्रुवारीची मार्चअखेर. सहामाही आणि वर्ष संपताना स्टॉकचा आकडा कमी दिसावा म्हणून फायनान्सकडून खरेदी निम्म्यावर आणण्याची सूचना होती.

फाउंड्रीच्या बाजूने बघितलं की पुढचं उलगडतं. त्यांचं रोजचं काम ग्रे आयर्नचं. एसजी आयर्नसाठी मॅग्नेशियम ट्रीटमेंट, वेगळं चार्ज मिश्रण, वेगळी तपासणी लागते, म्हणून ते त्या ग्रेडचं ओतकाम पंधरवड्यातून एकदा लावतात, तेही पुरेसं वजन जमलं तर. १,००० नग म्हणजे सहा टन माल, त्यासाठी पॅटर्न चढवणं परवडतं. ४५० नग म्हणजे पावणेतीन टन, आणि तेवढ्यासाठी परवडत नाही. अशी ऑर्डर ते पुढच्या ओतकामाला ढकलतात, तिथे दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर वजन जमतं. पंधरवड्यात कामाचे दिवस बारा. नेहमीच्या २०-२१ मध्ये बारा मिळवा आणि एखादा दिवस फेटलिंगच्या रांगेचा. ३३, ३४. हिशोब तंतोतंत जुळतो.

फाउंड्रीने यात लबाडी केलेली नाही. त्यांना विचारलं तर ते सांगतातही. फक्त स्कोअरकार्डात हे विचारायची जागाच नव्हती.

स्कोअरकार्डात नेमकं काय असावं

या अनुभवावरून मी पार्टनिहाय ओळीत एवढंच ठेवतो: गेल्या बारा ते अठरा ऑर्डरींची मध्यक, सर्वात वाईट दिवस, स्टँडर्ड डेव्हिएशन, ऑर्डरींची संख्या, आणि तीन दिवसांहून जास्त उशीर झालेल्या प्रत्येक ऑर्डरीपुढे एक कारण. मध्यक आणि सरासरी यांत दीड दिवसाचा फरक पडला की ती ओळ हाताने तपासायची. इथे मध्यक २१ आणि सरासरी २२.७ होती, म्हणजे ती आपणहून वर आली असती.

```
=MEDIAN(G2:G13)
=AVERAGE(G2:G13)
=STDEV.S(G2:G13)
=MAX(G2:G13)
```

कारणाच्या कॉलमवर मेहनत घ्या. "व्हेंडर डिले" हे कारण नव्हे, तो तर प्रश्नच झाला. लिहायचं ते असं: ओतकामाची पाळी चुकली, पॅटर्न दुरुस्तीला, रिजेक्शनमुळे पुन्हा ओतकाम, गाडी भरेपर्यंत थांबवला, आमचं पेमेंट थकलं. शेवटचं कारण लिहायला परचेसचे लोक कचरतात, पण ते प्रामाणिकपणे लिहिलंच पाहिजे. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला कराराने ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. छोट्या फाउंड्रीचे पैसे ९० दिवस अडकले तर ती पिग आयर्न आणि स्क्रॅप कुठून घेणार? मग तयार माल चार दिवस थांबतो आणि तो उशीर आपण त्यांच्या नावावर मांडतो.

कारणांशेजारी अजून एक रकाना ठेवा: हे कारण कुणाच्या हातात आहे, आपल्या, त्यांच्या, की कुणाच्याच नाही. सेफ्टी स्टॉकचा निर्णय याच रकान्यावर फिरतो.

मग स्टॉक किती?

हाउसिंगच्या बाबतीत कारण आपल्या हातात होतं. फाउंड्रीशी बोलून ठरलं की ऑर्डर ९०० च्या खाली द्यायची नाही आणि ती ओतकामाच्या तारखेच्या आठवडाभर आधी त्यांच्या हातात पडेल. सहामाहीअखेर स्टॉक कमी दाखवायचाच असेल तर ऑर्डर निम्मी न करता पूर्ण ऑर्डर देऊन डिलिव्हरीची तारीख एक तारखेनंतरची घ्यायची. फायनान्सचंही काम झालं आणि ओतकामाचंही.

असं ठरल्यावर उरलेल्या दहा ऑर्डरींवरून हिशोब केला: सरासरी २०.५ दिवस, स्टँडर्ड डेव्हिएशन १.१ च्या आसपास. सूत्रातला मागणीचा भाग २,०५०, लीड टाइमचा साधारण १,८७०. सेफ्टी स्टॉक १०३ नग.

आता रीऑर्डर पॉइंट बघा: ४० गुणिले २०.५ अधिक १०३, म्हणजे ९२३. जुना होता ४० गुणिले २१ अधिक ७६, म्हणजे ९१६. फरक सात नगांचा. लाइन थांबत होती ती स्टॉक कमी होता म्हणून नाहीच. वर्षातून दोनदा आपणच अशी ऑर्डर देत होतो जिला फाउंड्री २१ दिवसांत हात घालू शकत नव्हती. ३४९ वर जाऊन बसलो असतो तर १०३ पेक्षा २४६ नग जास्त, कास्टिंग ६६० रुपयांचं धरलं तर एक लाख बासष्ट हजार रुपये कायमचे अडकले असते, आणि ऑगस्टमध्ये लाइन पुन्हा थांबली असती.

इथे एक सावधगिरी. ३३ आणि ३४ हे दोन आकडे यादीतून काढले ते कारण खरोखर बंद केलं म्हणून. "हे अपवाद आहेत" एवढं म्हणून आकडे खोडायचे नाहीत. हाउसिंगचं नवं सेटिंग लावल्यावर पहिल्या चार-पाच ऑर्डरी आल्या की दिवस पुन्हा १९ ते २२ मध्येच आहेत का ते बघितलं पाहिजे, विशेषतः सप्टेंबरअखेरची ऑर्डर बघितल्याशिवाय हा प्रश्न मिटला असं धरू नये.

कारण आपल्या हातात नसेल तर? समजा ग्राहकाची मागणीच अशी आहे की कधीकधी ४५० नगच लागतात. तेव्हाही कायमचा मोठा सेफ्टी स्टॉक हा उपाय नव्हे. ज्या ऑर्डरीला ३४ दिवस लागणार हे आधीच माहीत आहे, तिला प्लॅनिंगमध्ये ३४ दिवसच द्यायचे, म्हणजे पीओ तेरा-चौदा दिवस आधी काढायचा. ओळखू येणाऱ्या उशिरासाठी वेळ वाढवायचा, ओळखू न येणाऱ्या चढउतारासाठी स्टॉक ठेवायचा. दुसरा मार्ग म्हणजे फाउंड्रीकडे ओतून ठेवलेली, फेटलिंग न केलेली शे-दोनशे कास्टिंगं राखून ठेवायची आणि त्यांचे पैसे लेखी मान्य करायचे. हे तोंडी ठरवलं तर पहिल्या मंदीत तो साठा दुसऱ्याच्या ऑर्डरीत निघून जातो.

आणि पुरासारखी गोष्ट? ती स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये घालू नका. काही वर्षांतून एकदा रस्ता आठवडाभर बंद पडणार, त्यासाठी वर्षभर स्टॉक बाळगणं महाग पडतं. जुलै-ऑगस्टसाठी जूनमध्ये एक आठवड्याचा जास्तीचा माल आणून ठेवायचा आणि सप्टेंबरमध्ये तो खपवून टाकायचा, हे जास्त स्वस्त आणि जास्त खात्रीचं.

दुरुस्तीनंतर पुन्हा बिघडतं ते इथे

लाइन एकदा थांबली की तीन जण आपापल्या जागी गपचूप उशी ठेवतात. प्लॅनर मास्टरमधला लीड टाइम २१ चा २८ करतो. परचेसवाला फाउंड्रीला खऱ्यापेक्षा पाच दिवस आधीची तारीख देतो. स्टोअर सेफ्टी स्टॉक वाढवून मागतं. तिघांनाही दुसऱ्याने काय केलं ते माहीत नसतं. फाउंड्रीच्या सुपरवायझरला मात्र काही महिन्यांत कळतं की भोसरीची तारीख खरी नसते, पाच दिवस गेले तरी कुणी फोन करत नाही. मग तो खऱ्या तारखेच्या ग्राहकाचा माल आधी लावतो. आपला लीड टाइम खरोखरच लांबतो, स्कोअरकार्डात चढउतार वाढतो, सूत्र आणखी स्टॉक मागतं. हे टाळायला उशी एकाच जागी ठेवायची, ती सेफ्टी स्टॉकच्या रकान्यात, आणि पुरवठादाराला कायम खरी तारीख द्यायची. मास्टरमधला लीड टाइम कुणी कधी बदलला याचा इतिहास तिमाहीला एकदा काढून बघा. बदल दिसला आणि त्यामागे स्कोअरकार्डातला आकडा नसेल, तर तो परत मागे घ्या.

दुसरी गोष्ट ९५ टक्क्यांच्या अर्थाची. वरच्या सूत्रातले ९५ टक्के हे प्रत्येक ऑर्डर-फेरीचे आहेत. वर्षाला बारा फेऱ्या, प्रत्येकीत पाच टक्के धोका, म्हणजे वर्षभरात निदान एकदा माल संपण्याची शक्यता ४६ टक्के. व्यवस्थापनाला ९५ टक्के म्हणजे लाइन जवळपास कधीच थांबणार नाही असं वाटत असतं. या एकाच पार्टसाठी पूर्ण लाइन थांबत असेल तर ९९ टक्के घ्या. गुणक २.३३ होतो आणि १०३ चे साधारण १४६ नग होतात. चढउतार १.१ दिवसांवर आणल्यामुळेच हे परवडतं. तोच गुणक ५.२ दिवसांच्या चढउतारावर लावला असता तर ४९० च्या वर गेला असता.

शेवटी, वर्षाला तीनचारच ऑर्डरी असलेले पार्ट. तिथे स्टँडर्ड डेव्हिएशन काढण्यात अर्थ नाही, एक आकडा बदलला की सगळं बदलतं. अशा पार्टसाठी त्याच फाउंड्रीच्या, त्याच ग्रेडच्या, साधारण त्याच वजनाच्या बाकीच्या पार्टच्या ऑर्डरी एकत्र करून कबूल दिवसांपेक्षा किती दिवस जास्त लागले ते मोजा आणि तो चढउतार वापरा. ग्रेड वेगळी असेल तर एकत्र करू नका. याच फाउंड्रीची ग्रे आयर्नची कास्टिंगं रोजच्या ओतकामात निघतात, आणि त्यांचे दिवस हाउसिंगच्या दिवसांत मिसळले असते तर ३३ आणि ३४ चे ते दोन ठिपके गर्दीत दिसलेच नसते.